आधी मिशा, मग खवले, शेवटी रंग



चेन्नईच्या उत्तर भागातल्या कोळत्तूरचे नाव शोभेच्या माशांच्या व्यापारात देशभर माहीत आहे. तिथली दुकाने, तिथून पुळल, माधवरम, रेड हिल्सकडे जाताना घरामागे बांधलेल्या सिमेंटच्या टाक्या आणि पुढे तिरुवळ्ळूर जिल्ह्यातली मातीची तळी हा सगळा एकच पट्टा समजायला हरकत नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत टांगलेल्या पाण्याच्या पिशव्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना कोळत्तूरचे दृश्य ओळखीचे वाटेल. तमिळमध्ये या माशांना ‘वण्णमीन’ म्हणतात, म्हणजे रंगीत मासे. नावातच रंग असल्यामुळे असेल, पण मासा ओळखताना प्रत्येकाची नजर पहिल्यांदा रंगाकडेच जाते. लाल दिसला की गोल्डफिश, लाल-पांढरा-काळा दिसला की कोई, असा हिशेब मनातल्या मनात होऊन जातो. आता व्यवहारही फोटोवर होऊ लागला आहे. विकणारा फोनवर फोटो पाठवतो, घेणारा तो पाहून पैसे देतो. अशा फोटोवरून वाण ओळखायचा असेल तर रंग सर्वांत शेवटी पाहावा, असे माझे म्हणणे आहे. ते का, हे आज पुराव्यानिशी मांडायचे आहे.

शब्दांबाबत एक खुलासा आधी करतो. ‘जात’ हा शब्द मी प्राणिशास्त्रातल्या अर्थाने वापरणार आहे आणि माणसाने निवडून घडवलेल्या प्रकाराला ‘वाण’ म्हणणार आहे, जसे आपण भाताचे किंवा आंब्याचे वाण म्हणतो. गोल्डफिश ही एक जात आहे. लिनियसने 1758 मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले, आणि त्याच्या कितीतरी शतके आधीपासून चीनमध्ये तिची पैदास चालू होती. कोई हा कार्प या वेगळ्या जातीचा रंगीत अवतार आहे. जपानच्या निइगाता भागातल्या डोंगराळ खेड्यांत एकोणिसाव्या शतकात तो आकाराला आला. शुबंकिन, ओरांडा, रांचू हे गोल्डफिशचे वाण, तर कोहाकु, सांके, शोवा हे कोईचे वाण. फोटोवरून ओळखताना होणाऱ्या चुका दोन थरांवरच्या असतात. कधी जातच चुकते, कधी जात बरोबर असून वाण चुकतो. या दोन चुकांची कारणे वेगळी आहेत, आणि दुरुस्तीच्या वाटाही वेगळ्या आहेत.

माझ्या युक्तिवादाचा पाया ज्याच्या कामात आहे, त्या माणसाचा मद्रासशी जवळचा संबंध होता. फ्रान्सिस डे हा मद्रास इलाख्याच्या सैन्यातला डॉक्टर. त्याचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा ग्रंथ 1875 ते 1878 या काळात प्रसिद्ध झाला. तो उघडला की प्रत्येक माशाच्या वर्णनाच्या सुरुवातीला अक्षरांची आणि आकड्यांची एक ओळ दिसते. पाठीवरच्या परात किती काटे, पोटाखालच्या परात किती, पार्श्वरेषेवर खवले किती, याचे ते सूत्र असते. रंगाचे वर्णन त्यानंतर, बऱ्याच खाली येते. यामागे एक साधे व्यावहारिक कारण आहे. त्या काळी मासा अभ्यासासाठी स्पिरिटच्या बरणीत ठेवत आणि स्पिरिटमध्ये रंग उडून जातात. काट्यांची आणि खवल्यांची संख्या मात्र बरणीत बदलत नाही. जे टिकते त्याच्यावर ओळख उभी करायची, ही शिस्त त्या काळच्या मत्स्यशास्त्रज्ञांनी पाळली.

फोनवरचा फोटो हीसुद्धा एक बरणीच आहे. तिच्यात आकार राहतो, संख्या राहते आणि रंग बिघडतो. पाणी तांबड्या प्रकाशाचा भाग आधी शोषून घेते. तळ्याच्या शेवाळलेल्या पाण्यात पांढरा मासा हिरवट-पिवळा दिसतो. दुकानातल्या रंगीत दिव्याखाली फिकट नारिंगी मासा रक्तासारखा लाल होतो. फोनचा कॅमेरा स्वतःच्या अंदाजाने पांढरा रंग ठरवतो आणि त्या अंदाजाप्रमाणे बाकीचे सगळे रंग सरकतात. माशाकडूनही यात भर पडते. पांढऱ्या टबात काही वेळ ठेवलेला मासा फिका होतो, काळ्या टाकीत ठेवलेला गडद होतो, कारण त्वचेतल्या काळ्या पेशींमधले रंगकण आकसतात आणि पसरतात. तांबडा रंग मुख्यतः खाद्यातून मिळणाऱ्या रंगद्रव्यांवर चालतो. खाद्य बदलले की तो काही आठवड्यांत कमी-जास्त होतो. असा सतत हलणारा पुरावा पहिल्या क्रमांकाला ठेवणे मला चुकीचे वाटते.

आता पहिला थर, जातीचा. कोईला तोंडाच्या दोन्ही बाजूंना मिशांच्या दोन-दोन जोड्या असतात असा एक समज आहे, तो आधी दुरुस्त करू. एकूण मिशा चार, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन. वरच्या ओठाजवळची आखूड, तोंडाच्या कोपऱ्यातली लांब. गोल्डफिशला एकही मिशी नसते. हा फरक इतका स्वच्छ आहे की त्यापुढे बोलायची गरज पडू नये. पण फोटोत पेच येतो. आठ-दहा सेंटिमीटरच्या कोईच्या मिशा जेमतेम काही मिलिमीटरच्या असतात आणि पोहताना त्या गालाला चिकटून राहतात. फोटोत मिशी दिसली तर मासा गोल्डफिश नाही हे नक्की. मिशी दिसली नाही, एवढ्यावरून तो कोई नाही असे मात्र म्हणता येत नाही. असा एकाच बाजूने बोलणारा पुरावा ज्या बाजूने बोलतो त्याच बाजूला वापरायचा असतो.

म्हणून दुसरा पुरावा लागतो, आणि तो डेच्या त्या सूत्रात आहे. कल्ल्यांच्या झाकणाच्या मागच्या कडेपासून शेपटीच्या मुळापर्यंत माशाच्या कुशीवर बारीक छिद्रांची एक ओळ जाते. हीच पार्श्वरेषा. तिच्यावरचे खवले मोजायचे. गोल्डफिशमध्ये ते साधारण 25 ते 31 भरतात, कार्पमध्ये 32 च्या पुढे, बहुधा 35 ते 38. बाजूने घेतलेला बऱ्यापैकी स्पष्ट फोटो मोठा करून बोटाने मोजले तर दोन मिनिटे पुरतात. एखाद-दुसऱ्या खवल्याची चूक झाली तरी 28 आणि 36 यांच्यात गल्लत होत नाही. पाठीच्या परातले काटे मोजावेत असेही सुचवले जाते. पण तिथे दोन्ही जातींचे आकडे एकमेकांत शिरतात, त्यामुळे फोटोवरच्या निवाड्यात ते कामाचे नाहीत. आकडा मोजता येतो म्हणून तो उपयोगी असतोच असे नाही, हे इथे ध्यानात ठेवायला हवे. लठ्ठ, अंड्याच्या आकाराच्या गोल्डफिशमध्ये कणाच आखूड आणि वाकडा झालेला असतो, खवल्यांच्या ओळीही वेड्यावाकड्या जातात. पण अशा माशाची गल्लत कोईशी होतच नाही. गल्लत होते ती लांबट अंगाच्या गोल्डफिशची, म्हणजे कॉमेटची आणि शुबंकिनची, आणि त्यांची पार्श्वरेषा सरळ, मोजता येण्याजोगी असते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. गोल्डफिश आणि कार्प यांचा संकर होतो. एकाच तळ्यात दोन्ही ठेवले की अशी पिल्ले निपजू शकतात. त्यांच्या मिशा आखूड असतात, कधी एकच जोडी असते, आणि खवल्यांचा आकडा दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडतो. मग ही पद्धत कोसळते का? मला तसे वाटत नाही. उलट, दोन पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत हेच संकराचे चिन्ह असते. नुसत्या रंगावर गेलेल्या माणसाला ही विसंगती दिसतच नाही. त्याला फक्त एक सुंदर नारिंगी मासा दिसतो.

जात ठरली की वाण. गोल्डफिशच्या वाणांत सर्वांत आधी पर पाहावेत. शेपटी एकेरी की जुळी, हा पहिला प्रश्न. जुळ्या शेपटीचे मूळ 2014 मध्ये जपानमधल्या आणि तैवानमधल्या संशोधकांनी कॉर्डिन नावाच्या एका जनुकातल्या बदलात दाखवून दिले. गर्भात पाठीकडची आणि पोटाकडची बाजू ठरवणाऱ्या यंत्रणेत तो बदल होतो, म्हणून परिणाम शेपटीपुरता थांबत नाही. पोटाखालचा मागचा पर, ज्याला गुदपर म्हणतात, तोही बहुधा जोडीने येतो. फोटो पाहणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. बाजूने काढलेल्या फोटोत जुळ्या शेपटीचे दोन्ही पडदे एकमेकांवर पडतात आणि शेपटी एकेरी दिसते. तेव्हा नजर शेपटीवरून काढून खाली गुदपराकडे न्यायची. तिथे एकाआड एक दोन कडा दिसल्या तर शेपटीही जुळी असण्याची शक्यता फार मोठी. पाठीचा पर आहे की नाही, हा दुसरा प्रश्न. तो नसेल तर रांचू, लायनहेड, बबल आय किंवा सेलेस्टियल या घरात जायचे. डोक्यावर मांसल गाठ असून पाठीवर पर असेल तर ओरांडा. या दोन प्रश्नांनी निम्मे काम होते. कुजलेल्या किंवा चावल्या गेलेल्या परांपासून मात्र सावध राहावे. कॉमेटची लांब शेपटी दुसऱ्या माशांनी खाल्ली की तो साध्या गोल्डफिशसारखा दिसतो. अशा वेळी परांच्या काड्या टोकाशी निमुळत्या न होता बोथट तुटलेल्या दिसतात आणि कड असमान असते.

परांनंतर खवले, आणि इथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण खवल्यांचा पुरावा सगळ्यांत कमी वापरला जातो आणि सगळ्यांत जास्त सांगतो. गोल्डफिशच्या अंगावरची धातूसारखी चमक खवल्याची स्वतःची नसते. खवला पारदर्शक असतो. त्याच्याखाली ग्वानिनच्या सूक्ष्म स्फटिकांचा आरशासारखा थर असतो आणि चमक त्याची असते. तो थर पूर्ण असला तर मासा चकचकीत दिसतो. थर जवळजवळ नसला तर मासा मॅट, म्हणजे निस्तेज, गुलाबीसर दिसतो आणि डोळा पूर्ण काळा, बटणासारखा असतो. अधेमधे थोडेच चमकते खवले आणि बाकी अंग मोत्यासारखे मंद असेल तर त्याला नॅक्रियस म्हणतात. शुबंकिन आणि कॅलिको या गटात येतात. शिसान चेन या चिनी प्राणिशास्त्रज्ञाने 1928 मध्ये ‘जेनेटिक्स’ या नियतकालिकात दाखवले की हा सगळा खेळ एका जनुकाच्या जोडीचा आहे. जोडीत बदललेले जनुक एकच असेल तर नॅक्रियस, दोन्ही असतील तर मॅट, एकही नसेल तर चकचकीत. म्हणून दोन नॅक्रियस मासे जुळवले तर सरासरीने चारातले एक पिल्लू चकचकीत, दोन नॅक्रियस आणि एक मॅट निघते. मेंडेलचे प्रमाण माशाच्या अंगावर उघड्या डोळ्यांनी वाचता येते.

फोटोत याचा उपयोग असा. शुबंकिनचा प्रसिद्ध निळा रंग म्हणजे वेगळे निळे रंगद्रव्य नव्हे. आरशाचा थर नसल्यामुळे त्वचेच्या खोल भागातला काळा रंग वरच्या पारदर्शक थरांतून निळसर भासतो. म्हणून चकचकीत अंगावर दिसणाऱ्या निळ्या छटेकडे संशयानेच पाहावे, बहुधा ते दिव्याचे किंवा कॅमेऱ्याचे काम असते. फ्लॅश पडल्यावर चकचकीत खवलाही पांढरा होऊन मॅट वाटू शकतो, हा उलट धोका. तेव्हा कल्ल्यांचे झाकण पाहावे. आरशाचा थर तिथेही नसेल तर आतल्या कल्ल्यांचा तांबडेपणा झाकणातून गुलाबी दिसतो. फ्लॅश कितीही पडला तरी चकचकीत माशाच्या झाकणावर हा गुलाबीपणा येत नाही. पर्लस्केल या वाणाचा खवला आणखी वेगळा. प्रत्येक खवल्याच्या मध्यावर चुन्याचा फुगवटा असतो, म्हणून अंगावर साबुदाणा चिकटवल्यासारखे दिसते. असा खवला गळून पुन्हा आला तर तो सहसा सपाट येतो. पर्लस्केलच्या अंगावर मधूनच सपाट ठिकाण दिसले म्हणून त्याच्या वाणाबद्दल शंका घेऊ नये.

कोईच्या खवल्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचा धागा तमिळनाडूपर्यंत येतो. युरोपातल्या कार्पमध्ये काही माशांच्या अंगावर खवले जवळजवळ नसतात, फक्त पाठीच्या कडेने आणि कुशीवर मोठे, आरशासारखे खवले ओळीने राहतात. याला मिरर कार्प म्हणतात. 1904 मध्ये हे मासे जर्मनीतून जपानला गेले आणि तिथल्या रंगीत कोईशी त्यांचा मेळ घालून दोइत्सु नावाचा गट तयार झाला. दोइत्सु म्हणजे जर्मन. त्याच जर्मन कार्पचे मासे 1939 मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणले गेले. उटीच्या थंड पाण्यात ते खाण्यासाठी वाढवले गेले, शोभेसाठी नव्हे. सांगायचा मुद्दा असा की मोठे खवले ओळीने असणे हे कार्पच्या घराण्याचे लक्षण आहे. नॅक्रियस गोल्डफिशचे चमकते खवले अंगभर विखुरलेले असतात, दोइत्सुचे खवले पाठीच्या आणि पार्श्वरेषेच्या रांगेत उभे असतात. लांबून दोन्ही ‘मधूनमधून चमकणारा मासा’ असेच दिसतात. मांडणी पाहिली की फरक कळतो.

आता सर्वांत जोरदार आक्षेप. कोईच्या वाणांची नावे तर रंगांचीच आहेत, मग रंग शेवटी कसा ठेवायचा? कोहाकु म्हणजे पांढऱ्यावर लाल. ताइशो सांके आणि शोवा हे दोन्ही तीन रंगांचे. हा आक्षेप ज्यांच्याकडून येतो ते कोई चांगले जाणणारे असतात, म्हणून त्याला पूर्ण उत्तर द्यायला हवे. उत्तर सांके आणि शोवा यांच्या तुलनेतच आहे. दोन्हींवर लाल, पांढरा, काळा हे तेच तीन रंग. रंगच निर्णायक असता तर हे दोन वाण वेगळे करताच आले नसते. पण ते वेगळे आहेत आणि त्यांचे वेगळेपण काळ्या रंगाच्या उगमात आहे. शोवाचा काळा उत्सुरी घराण्यातून आला. 1927 मध्ये निइगातात ‘की उत्सुरी’ आणि कोहाकु यांच्या संकरातून पहिला शोवा निघाला असे मानतात. शोवाची पिल्ले अंड्यातून निघतानाच काळसर असतात आणि पैदास करणारे पहिल्या काही दिवसांतच फिकी पिल्ले बाजूला काढतात. सांकेची पिल्ले फिकी निघतात आणि काळा त्यांच्यावर नंतर बसतो. एक काळा अंगातून वर आलेला, दुसरा पांढऱ्यावर ठिपक्यासारखा बसलेला.

मोठ्या माशाच्या फोटोत या इतिहासाच्या खुणा शिल्लक असतात. शोवाचा काळा डोक्यावर येतो, कुशीखाली पोटाकडे उतरतो, पट्ट्यांनी अंगाला वेढा घालतो, आणि छातीच्या परांच्या मुळाशी काळी अर्धवर्तुळे ठेवतो. सांकेचा काळा साधारणपणे डोक्यावर नसतो, पार्श्वरेषेच्या वरच राहतो, आणि छातीच्या परांवर आला तर बारीक रेघांच्या रूपात येतो. म्हणजे निवाडा काळा आहे की नाही यावर होत नाही, काळा कुठे आहे यावर होतो. जागा ही आकाराचीच गोष्ट आहे, आणि आकार फोटोत टिकतो. पांढऱ्या प्रकाशात काढा, पिवळ्या दिव्याखाली काढा, परांच्या मुळाशी असलेले अर्धवर्तुळ तिथेच राहणार. कोईच्या नावांत रंग असला तरी वाचायची आहे ती रंगाची जागा.

इथेही मर्यादा सांगणे भाग आहे. आधुनिक शोवात पांढरा रंग इतका वाढवला गेला आहे की काही माशांवर काळा नावापुरता उरतो आणि वरून पाहता तो सांकेसारखा दिसतो. लहान शोवाच्या छातीचे पर कधी पूर्ण काळे असतात आणि वयानुसार तो काळा मुळाकडे आखडत जातो. अर्ध्या वाढीच्या माशाच्या एका फोटोवरून शोवा की सांके हे छातीठोकपणे सांगणारा माणूस अंदाज करतो आहे, इतके समजून घ्यावे. गोल्डफिशमध्येही वयाचा असाच पेच आहे. पिल्ले आधी कांस्यासारखी मळकट असतात, आणि काही महिन्यांत काळा गळून नारिंगी उघडा पडतो. ब्लॅक मूर म्हणून घेतलेला मासा पुढे तांबूस होतो तेव्हा घेणाऱ्याला फसवल्यासारखे वाटते. खरे तर त्याचा वाण बदललेला नसतो. बाहेर आलेले डोळे, जुळी शेपटी, आखूड अंग सगळे तसेच असते. तो आधीही टेलिस्कोप होता आणि आताही टेलिस्कोपच आहे. बदलले ते फक्त रंगावरून पडलेले नाव.

आता एक फोटो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवू. समजा, विकणाऱ्याने बटरफ्लाय कोई म्हणून फोटो पाठवला. बटरफ्लाय म्हणजे लांब, लोंबते पर असलेला कोई. मासा पांढऱ्या टबात आहे, साधारण आठ सेंटिमीटरचा. अंग पांढरट, डोक्यावर लाल, सगळीकडे काळे शिंतोडे, शेपटी लांब आणि दुभंगलेली. रंग पाहिले तर लांब परांचा सांके वाटतो. आपल्या क्रमाने जाऊ. फोटो मोठा केल्यावर तोंडाच्या कोपऱ्याशी मिशी दिसत नाही, पण तोंडाचा भाग थोडा अस्पष्ट आहे, म्हणून या मुद्द्यावर काहीच ठरवायचे नाही. खवल्यांच्या कडा पारदर्शकपणामुळे पुसट आहेत, तरी काळ्या शिंतोड्यांच्या आधाराने ओळ मोजता येते. एकदा 27 भरतात, पुन्हा मोजल्यावर 28. छातीच्या पराखाली एखादा झाकला गेला असेल, चार-पाच झाकले गेलेले नाहीत. म्हणजे 32 पर्यंत आकडा जात नाही. इथेच कार्प बाजूला पडतो. शेपटी एकेरी, गुदपर एकेरी, पाठीवर पर आहे. म्हणजे लांब अंगाचा गोल्डफिश. दहा-बारा खवले चमकतात, पण विखुरलेले, ओळीने नाहीत. कल्ल्यांचे झाकण गुलाबी आहे. म्हणजे नॅक्रियस. शेवटी रंग: काळा शिंतोड्यांसारखा आहे आणि परांवर रेघोट्यांनी उतरला आहे, सांकेसारखा मोठ्या स्वच्छ ठिपक्यांचा नाही. हा शुबंकिन आहे, आणि शेपटी टोकदार दुभंगलेली असल्यामुळे कॉमेटच्या वळणाचा. ब्रिस्टल शुबंकिनची रुंद, गोलसर पाळ्यांची शेपटी याला नाही.

या निवाड्यात रंगाने फक्त शेवटी होकार दिला, हे पाहण्यासारखे आहे. तोच पहिला घेतला असता तर बाकीचे पुरावे पाहायचे कारणच उरले नसते, कारण त्याने दिलेले उत्तर ठाम होते आणि चूक होते. ही चूक केवळ नावाची म्हणून सोडून देण्यासारखीही नाही. शुबंकिन वीस-पंचवीस सेंटिमीटरवर बहुधा थांबतो. कोई साठ सेंटिमीटर सहज ओलांडतो आणि त्याला तळे लागते. उलट दिशेने, म्हणजे कोईला शुबंकिन समजून घरच्या काचेच्या टाकीत आणणाऱ्याच्या हातून त्या माशाचे हाल होतात.

शेवटचा आक्षेप असा की फोटोवरून ओळखणे हाच मुळात भाबडेपणा आहे, वाण ठरतो वंशावळीने. यात तथ्य आहे. फोटोतून दिसते ते अंग, आईबाप दिसत नाहीत. एकाच जोडप्याची चकचकीत, नॅक्रियस आणि मॅट पिल्ले चेनने दाखवलीच आहेत, आणि त्यातले चकचकीत पिल्लू कुणी शुबंकिनच्या घराण्याचे म्हणून ओळखणार नाही. स्पर्धेत उतरवायचा किंवा पैदाशीला लावायचा कोई फोटोवरून घ्यावा असे मी म्हणणार नाही. पण कोळत्तूरच्या दुकानातून घरी येणाऱ्या माशासोबत वंशावळीचा कागद क्वचितच येतो. तिथे प्रश्न जातीचा आणि ढोबळ वाणाचा असतो, आणि तो प्रश्न एका नीट फोटोने सुटतो. नीट म्हणजे कसा, तेही सांगतो. मासा अरुंद, स्वच्छ काचेच्या भांड्यात, बाजूने, फ्लॅश न लावता दिवसाच्या उजेडात, पर उघडलेले असताना टिपावा. शेजारी राखाडी किंवा साधा पांढरा कागद ठेवावा, म्हणजे रंग कुठे सरकला आहे ते कळते. दुसरा फोटो वरून काढावा. कोई तर वरून पाहण्यासाठीच घडवला गेला आहे, आणि रांचूची पाठही वरूनच वाचायची असते. तोंडाचा जवळून घेतलेला तिसरा फोटो मिशांसाठी.

विकणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: हे तीन फोटो पाठवा आणि नावाच्या जागी रंग लिहू नका. घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी पार्श्वरेषेवरचे खवले एकदा मोजून घ्यावेत.